सजीवांचे वर्गीकरण (शालेय कृतिपत्रिका)

सजीवांचे वर्गीकरण हा शालेय जीवशास्त्रातील कृतिपत्रिकांमध्ये नियमितपणे येणारा प्रश्नप्रकार आहे. यात विद्यार्थ्याला एखाद्या प्राण्याचे किंवा वनस्पतीचे नाव, चित्र अथवा प्रत्यक्ष नमुना दिला जातो. तो सजीव कोणत्या गटात मोडतो हे लिहिणे हा उत्तराचा पहिला भाग असतो आणि ज्या लक्षणावरून तो गट ठरला ते लक्षण सांगणे हा दुसरा. या लक्षणाला भेददर्शक लक्षण म्हणतात. गटाचे नाव पाठांतराने सांगता येते. लक्षण सांगण्यासाठी मात्र नमुन्याचे निरीक्षण करावे लागते. त्यामुळे वर्गीकरण समजले आहे की नाही, हे उत्तराच्या दुसऱ्या भागावरून कळते.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात हा विषय तीन इयत्तांमध्ये विभागलेला आहे. आठवीत सजीव सृष्टी व सूक्ष्मजीव, नववीत वनस्पती आणि दहावीत प्राणी यांचे वर्गीकरण शिकवले जाते. या लेखात प्रश्नप्रकाराचे स्वरूप, लक्षण निवडण्याच्या कसोट्या आणि बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ परिसरात सहज आढळणाऱ्या सजीवांवर आधारित एक सोडवलेला नमुना दिला आहे.

== पार्श्वभूमी ==

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथात सजीवांची श्रेणीबद्ध मांडणी केली. पहिल्या आवृत्तीत त्याने देवमाशांना माशांमध्ये ठेवले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ही मांडणी बदलली. पिलांना दूध पाजणाऱ्या सर्व प्राण्यांचा त्याने एक वर्ग केला, स्तन या अवयवावरूनच त्या वर्गाला नाव दिले आणि देवमासा त्यात आणला. मराठीतील 'सस्तन' ही संज्ञाही त्याच अर्थाची आहे. देवमाशाचा पाण्यातील वावर आणि माशासारखा आकार पूर्वीसारखाच राहिला. बदलले ते केवळ निर्णायक मानलेले लक्षण, आणि त्याबरोबर त्याचा गटही बदलला.

वनस्पतींच्या शालेय वर्गीकरणाचा आधार आयक्लर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची १८८३ मधील मांडणी हा आहे. तीत बीजे न धारण करणाऱ्या व बीजे धारण करणाऱ्या अशा वनस्पतींच्या दोन उपसृष्टी मानल्या आहेत. रॉबर्ट व्हिटाकर याने १९६९ मध्ये पंचसृष्टी पद्धती मांडली. तीत कवकांना वनस्पतींपासून वेगळे करून स्वतंत्र सृष्टीचा दर्जा देण्यात आला.

== भेददर्शक लक्षण ==

सजीवाचे प्रत्येक वैशिष्ट्य भेददर्शक ठरत नाही. त्यासाठी वैशिष्ट्याने दोन अटी पूर्ण कराव्या लागतात. ते गटातील सर्व, किंवा जवळजवळ सर्व, सदस्यांमध्ये आढळले पाहिजे. आणि ज्या शेजारच्या गटाशी गल्लत होण्याची शक्यता असते, त्या गटात ते आढळता कामा नये.

गांडुळाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होते. 'गांडूळ जमिनीत राहते' हे विधान खरे आहे, पण ते अधिवास सांगते. मुंग्या, वाळवी आणि उंदीरही जमिनीत राहतात. 'शरीर मऊ असते' हेही खरे आहे, परंतु गोगलगायीचे शरीरही मऊच असते. 'पाय नसतात' हे सापालाही लागू पडते. 'शरीर एकसारख्या कड्यांचे, म्हणजे खंडीभूत असते' हे विधान नेमके आहे, तरी वाणी या बहुपाद प्राण्याचे शरीरही कड्यांचेच दिसते. म्हणून पूर्ण उत्तर असे होते : शरीर खंडीभूत असून सांधेयुक्त पाय नसतात, यावरून गांडूळ वलयी प्राणीसंघात मोडते. गोगलगाय व साप यांना उत्तराचा पहिला भाग वगळतो, तर वाणीला दुसरा.

गांडुळाच्या खंडांवर प्रचलनास मदत करणारे बारीक दृढरोम असतात. केवळ दृढरोमांवर गट ठरवला तर मात्र जळू बाहेर पडते, कारण तिला दृढरोम नसतात आणि ती चूषकांच्या साहाय्याने सरकते. तरीही खंडीभूत शरीरामुळे जळूचा समावेश वलयी संघातच होतो. गांडुळाचे वर्णन करताना दृढरोमांचा उल्लेख करणे योग्य आहे, पण संपूर्ण संघाचे लक्षण म्हणून खंडीभवनच द्यावे लागते.

== गट ठरवण्याचा क्रम ==

कृतिपत्रिकेतील सजीवाचा गट ठरवताना व्यापक गटाकडून लहान गटाकडे जाण्याची पद्धत आहे. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारला जातो आणि त्याच्या उत्तरानुसार पुढील मार्ग ठरतो.

=== प्राणी ===

प्राण्याला पाठीचा कणा आहे काय, हा पहिला प्रश्न असतो. कणा असल्यास प्राणी पृष्ठवंशीय ठरतो आणि पुढे त्वचेचे आवरण, श्वसनेंद्रिय व प्रजनन यांवरून त्याचा वर्ग शोधला जातो. पिसे असल्यास पक्षी, शरीरावर केस व दुग्धग्रंथी असल्यास सस्तन, कोरडी खवलेदार त्वचा व फुप्फुसे असल्यास सरीसृप असा निर्णय होतो. ओलसर, खवले नसलेली त्वचा आणि पाण्यातील डिंभावस्था बेडकासारखा उभयचर दर्शवते. कल्ले व पर असलेला प्राणी मत्स्य वर्गात जातो.

कणा नसल्यास शरीराची सममिती पाहिली जाते. मध्यातून जाणाऱ्या अनेक प्रतलांवर शरीराचे समान भाग होत असतील, तर ती अरीय सममिती होय. एकाच प्रतलावर दोन समान भाग होत असतील, तर ती द्विपार्श्व सममिती होय. त्यानंतर शरीर खंडीभूत आहे काय आणि सांधेयुक्त उपांगे आहेत काय, हे पाहिले जाते. सांधेयुक्त उपांगे असलेला प्राणी संधिपाद संघात जातो. शरीर अखंडित व मऊ असून स्नायुमय पाद असल्यास तो मृदुकाय संघातील ठरतो.

=== वनस्पती ===

वनस्पतीच्या बाबतीत ती बीजे धारण करते काय, हा पहिला प्रश्न असतो. बीजे नसतील तर मूळ, खोड व पाने यांत शरीराचे विभाजन आहे काय आणि पाणी वाहून नेणाऱ्या ऊती आहेत काय, यांवरून थॅलोफायटा, ब्रायोफायटा व टेरिडोफायटा हे गट वेगळे होतात. बीजे असतील तर ती फळात झाकलेली आहेत की उघडी, हे पाहिले जाते. बागेतील सायकसची बीजे उघडी असतात, म्हणून तो अनावृत्तबीजी आहे. आवृत्तबीजी वनस्पतींत बीजपत्रांच्या संख्येवरून एकबीजपत्री व द्विबीजपत्री असे दोन गट होतात.

बीजपत्रे प्रत्येक वेळी पाहता येत नाहीत. अशा वेळी सहलक्षणांचा आधार घेतला जातो. द्विबीजपत्री वनस्पतींत सामान्यतः सोटमूळ, जाळीदार शिराविन्यास आणि चार किंवा पाच भागांचे फूल असते. एकबीजपत्री वनस्पतींत तंतुमूळ, समांतर शिराविन्यास आणि तीन भागांचे फूल असते. ही लक्षणे बहुधा एकत्र आढळतात. त्यांच्यात विसंगती दिसल्यास गटाला नाव देणारे लक्षण, म्हणजे बीजपत्रांची संख्या, निर्णायक मानले जाते.

== परळी वैजनाथ परिसरातील नमुना ==

परळी वैजनाथ हे बालाघाट डोंगररांगेच्या परिसरातील शहर असून बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या वैद्यनाथ मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. आसपासच्या शेतीत कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही पिके घेतली जातात, तर डोंगराळ भागात सीताफळाची झाडे आढळतात. पुढील कृतिपत्रिका याच परिसरातील सजीवांची आहे.

| सजीव | गट | भेददर्शक लक्षण |
|---|---|---|
| ज्वारी | एकबीजपत्री | बियांत एकच बीजपत्र. समांतर शिराविन्यास, तंतुमूळ |
| तूर | द्विबीजपत्री | बियांत दोन बीजपत्रे; जाळीदार शिराविन्यास, सोटमूळ |
| बेल | द्विबीजपत्री | बियांत दोन बीजपत्रे. पर्णिकांत जाळीदार शिराविन्यास |
| सीताफळ | द्विबीजपत्री | बियांत दोन बीजपत्रे. जाळीदार शिराविन्यास |
| शंखी गोगलगाय | मृदुकाय संघ | मऊ, अखंडित शरीर. स्नायुमय पाद |
| कपाशीवरील लाल कोळी | संधिपाद संघ, अष्टपाद वर्ग | सांधेयुक्त उपांगे. प्रौढावस्थेत पायांच्या चार जोड्या |
| वटवाघूळ | सस्तन वर्ग | अंगावर केस, दुग्धग्रंथी |

=== 'दल' शब्दामुळे होणारा गोंधळ ===

तक्त्यातील पहिल्या दोन उत्तरांची पडताळणी स्वयंपाकघरातही करता येते. तुरीचा दाणा भरडला की त्याची दोन सारखी शकले होतात. ही शकले म्हणजेच बीजपत्रे होत. डाळ म्हणून वापरली जातात ती सुटी झालेली बीजपत्रेच. ज्वारी भरडली असता अशी दोन शकले होत नाहीत, तिच्या कण्या होतात. तूर, हरभरा व मूग यांना 'द्विदल धान्य' म्हणतात. या नावातील 'दल' शब्द बीजपत्राच्या अर्थाने आला आहे.

बेलाच्या पानाला 'त्रिदल' म्हणतात. त्यावरून द्विदल म्हणजे द्विबीजपत्री, तर त्रिदल म्हणजे वेगळाच काही गट, किंवा तीन भागांमुळे एकबीजपत्री, असा तर्क विद्यार्थ्यांकडून होण्याची शक्यता असते. येथे 'दल' शब्दाचा अर्थ पर्णिका असा आहे. बेलाचे पान संयुक्त असते, म्हणजे एकाच देठावर सामान्यतः तीन पर्णिका असतात. त्या तीन स्वतंत्र पानांचा समूह नाहीत, हे कक्षस्थ कळीवरून कळते : कळी व काटा हे फांदीवर मुख्य देठाच्या बगलेत येतात, पर्णिकांच्या बुडाशी येत नाहीत. फुलाच्या वर्णनात 'दल' शब्दाला तिसराच अर्थ आहे. पाकळ्यांच्या मंडलाला दलपुंज म्हणतात. तेथे दल म्हणजे पाकळी.

बीजपत्र, पर्णिका व पाकळी हे तीन निरनिराळे अवयव आहेत आणि त्यांच्या संख्या परस्परांवर अवलंबून नसतात. बेलाच्या पानात तीन पर्णिका, फुलात चार किंवा पाच पाकळ्या आणि बियांत दोन बीजपत्रे असतात. गट ठरतो तो यांपैकी शेवटच्या संख्येवरून. पान उजेडासमोर धरल्यास प्रत्येक पर्णिकेत शिरांचे जाळे दिसते. हे सहलक्षणही त्याच निष्कर्षाला पुष्टी देते.

=== सीताफळातील विसंगती ===

भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ या कसोटीची मर्यादा दाखवते. सीताफळाच्या फुलात बाहेरच्या बाजूला तीन लांबट, मांसल पाकळ्या असतात; आतील पाकळ्या अतिशय लहान असतात किंवा नसतात. केवळ फुलाचे भाग मोजल्यास ही वनस्पती एकबीजपत्री वाटू शकते. परंतु पानात जाळीदार शिराविन्यास असतो आणि बी उगवल्यावर दोन बीजपत्रे दिसतात. त्यामुळे शालेय कृतिपत्रिकेत सीताफळ द्विबीजपत्री असे लिहिणे योग्य ठरते. अशा वनस्पतीच्या बाबतीत फुलाच्या भागांची संख्या भेददर्शक लक्षण म्हणून देता येत नाही.

आधुनिक वर्गीकरणात या विसंगतीचा उलगडा होतो. सीताफळाचे कुल मॅग्नोलिया, दालचिनी व मिरी यांच्यासह एका प्राचीन शाखेत ठेवले जाते. ही शाखा एकबीजपत्रींपासूनही वेगळी आहे आणि बहुसंख्य द्विबीजपत्री वनस्पतींचा समावेश असलेल्या मुख्य शाखेपासूनही. पारंपरिक द्विबीजपत्री गटात अशा एकाहून अधिक शाखा एकत्र केलेल्या आहेत.

=== गोगलगाय आणि कोळी ===

२०२२ च्या खरीप हंगामात लातूर, धाराशिव (उस्मानाबाद) व बीड या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचे मोठे नुकसान केले. गोगलगाई प्रामुख्याने रात्री बाहेर पडतात. नुकतीच उगवलेली रोपे बीजपत्रांसह खाल्ली गेल्यास ती पुन्हा फुटत नाहीत आणि दुबार पेरणी करावी लागते. पिकाचे नुकसान करणाऱ्या कोणत्याही लहान प्राण्याला बोलीभाषेत 'कीड' म्हटले जाते. त्यामुळे गोगलगायीची गणना कीटकांमध्ये होण्याची शक्यता असते.

कृतिपत्रिकेतील दोन प्रश्नांतच हा भेद स्पष्ट होतो. सांधेयुक्त पाय आहेत काय? नाहीत, म्हणून ती संधिपाद नाही आणि अर्थातच कीटकही नाही. शरीर खंडीभूत आहे काय? नाही, म्हणून ती वलयी संघातही बसत नाही. मऊ अखंडित शरीर आणि सरकण्यासाठी खालच्या बाजूचा स्नायुमय पाद यांवरून ती मृदुकाय संघात जाते. मृदुकाय प्राणी सामान्यतः द्विपार्श्वसममित असतात. गोगलगायीच्या शरीराला मात्र वाढीच्या काळात पीळ बसतो व शंख एका बाजूला वळतो, त्यामुळे तिच्या शरीरात ही सममिती आढळत नाही. शंख हे लक्षणही जपून वापरावे लागते, कारण शेतांत व बागांत बिनशंखी गोगलगाईही आढळतात आणि त्याही मृदुकायच आहेत.

नियंत्रणाचा उपाय या वर्गीकरणावर अवलंबून असतो. कीटकांसाठी तयार केलेल्या फवारण्यांचा गोगलगायींवर सामान्यतः पुरेसा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी मेटाल्डिहाइडयुक्त आमिष वापरले जाते. ते खाल्ल्यावर गोगलगायीच्या शरीरातून प्रमाणाबाहेर चिकट स्राव बाहेर पडतो आणि पाणी कमी होऊन ती मरते. हे आमिष पाळीव जनावरांनाही विषारी असल्याने त्यांच्यापासून दूर ठेवावे लागते. शेतात ओली गोणपाटे पसरून त्यांखाली जमलेल्या गोगलगाई सकाळी वेचून नष्ट करणे हाही उपाय केला जातो. तो ओलसर त्वचेच्या या प्राण्याच्या ओलावा शोधण्याच्या सवयीवर आधारलेला आहे.

कपाशीच्या पानाच्या मागील बाजूस बारीक जाळी करून राहणारा लाल कोळी संधिपाद असला, तरी कीटक नाही. कीटकाला पायांच्या तीन जोड्या असून त्याच्या शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग असतात. कोळ्याला पायांच्या चार जोड्या असतात, पंख व शृंगिका नसतात. या भेदामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र कोळीनाशके वापरली जातात. काही कीटकनाशकांच्या अतिवापराने कोळ्यांवर जगणारे मित्रकीटक मरतात आणि कोळ्यांची संख्या उलट वाढते. भिंगातून निरीक्षण करताना एक दक्षता घ्यावी लागते : अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोळ्याला पायांच्या तीनच जोड्या असतात. म्हणून उत्तरात 'प्रौढावस्थेत' हा शब्द आवश्यक ठरतो.

== नेहमीच्या चुका ==

बाह्य साम्यावरून गट ठरवणे ही यांतील प्रमुख चूक आहे. वटवाघूळ उडते म्हणून त्याला पक्षी समजले जाते. त्याचा पंख पिसांचा नसून लांब बोटांमध्ये ताणलेल्या त्वचेचा असतो, अंगावर केस असतात आणि मादी पिलांना दूध पाजते. उडणे ही क्रिया कीटक, पक्षी व वटवाघूळ या तिन्हींत आढळते, त्यामुळे तिच्यावरून गट ठरत नाही.

जीवनचक्रातील एकच अवस्था पाहून निर्णय घेणे ही दुसरी चूक होय. बोंडअळी लांबट, मऊ व कड्यांची दिसते, म्हणून तिला वलयी संघात ठेवले जाते. तिच्या डोक्यामागील तीन खंडांवर सांधेयुक्त पायांच्या तीन जोड्या असतात आणि पुढे तिचा पतंग होतो. म्हणून ती संधिपाद संघातील कीटक आहे.

नाव हाच पुरावा मानणे ही तिसरी चूक होय. तारामासा हा मासा नसून कंटकचर्मी प्राणी आहे. याउलट सस्तन, संधिपाद, कंटकचर्मी यांसारख्या गटनामांतच लक्षण सामावलेले असते. मात्र 'संधिपाद आहे, कारण तो संधिपाद संघात येतो' असे लिहिल्याने लक्षण सांगितले असे होत नाही. दिलेल्या प्राण्यात सांधेयुक्त उपांगे कोठे दिसतात, हे सांगावे लागते.

== मर्यादा ==

शालेय कृतिपत्रिकेतील गट निरीक्षणाच्या सोयीसाठी केलेले असतात आणि त्यांतील सर्व गट उत्क्रांतीच्या वंशशाखांशी जुळतात असे नाही. वंशावळीनुसार मगर ही पालीपेक्षा पक्ष्यांना अधिक जवळची आहे. तरीही खवल्यांच्या आधारे मगर व पाल यांना सरीसृप वर्गात एकत्र ठेवले जाते आणि पक्ष्यांचा वर्ग वेगळा केला जातो. आज जनुकीय माहितीच्या आधारे अशा गटांची पुनर्मांडणी होत आहे. कृतिपत्रिकेतील उत्तर मात्र ज्या पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीनुसार प्रश्न विचारला असेल, त्याच पद्धतीनुसार लिहिणे अपेक्षित असते. गटांची मांडणी बदलली, तरी नमुन्यात प्रत्यक्ष पाहून नोंदवलेले लक्षण बदलत नाही.

== हेही पहा ==

* द्विनाम पद्धती
* पंचसृष्टी वर्गीकरण
* संधिपाद
* मृदुकाय
* आवृत्तबीजी वनस्पती
* परळी वैजनाथ